आपली आरती आणि आपला हिशेब

स्वतःची आरती स्वतःच ओवाळण्याची कला आपल्याकडे नवीन नाही. नवीन आहे ती तिची सक्ती. पूर्वी ही कला काही पुढारी, काही ज्योतिषी आणि लग्नाच्या बाजारात उभे असलेले काही वरपिते एवढ्यांपुरती मर्यादित होती. आज ज्याच्या हाताला नोकरी आहे आणि ज्याला ती हवी आहे, अशा प्रत्येक तरुणाच्या हाती आरतीचे तबक देण्यात आले आहे.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. लिंक्डइन नावाचे एक संकेतस्थळ २००३ साली अमेरिकेत सुरू झाले. कामाधंद्यातील माणसांनी एकमेकांची ओळख करून घ्यावी, मालकांनी माणसे हेरावीत आणि माणसांनी मालक, असा त्याचा हेतू. तेथे प्रत्येकाचे एक पान असते. नावाखाली स्वतःविषयीचे एक शीर्षक लिहायचे, त्याला २२० अक्षरांची मर्यादा. त्याखाली ‘अबाउट’ म्हणून आत्मपरिचयाचा रकाना, त्याला २६०० अक्षरांची मर्यादा. वाचणाऱ्याला त्यातल्या पहिल्या तीन-चार ओळीच आपोआप दिसतात. बाकीचे वाचायचे तर मुद्दाम उघडावे लागते. तेव्हा खरा सामना त्या शीर्षकावर आणि तीन-चार ओळींवर होतो. आपल्या घरातल्या मुलाचे किंवा सुनेचे असे एक पान बहुधा असतेच. या दिवाळीत फराळ झाल्यावर ते एकदा वाचून पाहा. आपल्याच घरात एवढा थोर पुरुष किंवा एवढी तेजस्वी स्त्री राहते आणि आपल्याला पत्ता नाही, याचे आपल्याला नवल वाटेल.

कारखान्याच्या नोकरभरतीच्या खात्यात माझी सव्वीस वर्षे गेली. अर्ज वाचणे हे माझे काम होते. त्या अनुभवाच्या जोरावर मी हे भांडण मांडतो आहे, आणि ते एका पक्षाशी नाही. माझे भांडण तिघांशी आहे. पहिले, ‘स्वतःला विकायला शिका’ म्हणून पैसे घेऊन शिकवणारे आत्मस्तुतीचे शिकवणीवाले. दुसरे, ‘आपण आपल्या तोंडाने काही बोलू नये’ म्हणून मुलांचे तोंड शिवणारे घरचे वडीलधारे. आणि तिसरे, या दोघांत तडजोड म्हणून बढाईवर विनयाचा मुलामा चढवणारे चतुर लोक. हे तिघेही एकच चूक करतात. विनय म्हणजे आवाज किती खाली आणायचा याचा प्रश्न आहे, अशी त्यांची समजूत आहे. माझे म्हणणे असे की विनयाचा आवाजाशी संबंध नाही. त्याचा संबंध हिशेबाशी आहे. जेवढे केले तेवढे सांगणे, त्यात आपला वाटा किती ते सांगणे, आणि विचारले तर दाखवता येईल असेच सांगणे, हा विनय. आणि खरा आत्मविश्वासही यालाच म्हणतात.

हे नुसते तत्त्वज्ञान राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. माझी एक भाची चाकणच्या बाजूला एका कारखान्यात गुणवत्ता अभियंता आहे. दुचाकींना लागणारे ॲल्युमिनियमचे ओतीव भाग तेथे तयार होतात. कारखान्यात त्यांना ‘कास्टिंग’ म्हणतात. मुलगी हुशार, कष्टाळू. नोकरी बदलायचा विचार होता म्हणून तिने आपला परिचय लिहून मला वाचायला दिला. मूळ इंग्रजीत होता. त्याचा मराठी भावार्थ असा :

“परिणामांचा ध्यास घेतलेली, द्रष्टी आणि तळमळीची गुणवत्ता-नेत्री. माझ्या असामान्य नेतृत्वाखाली कंपनीचे कोट्यवधी रुपये वाचले. ९ वर्षांचा अतुलनीय अनुभव. सामान्य माणसांना जेथे अडचण दिसते, तेथे मला संधी दिसते. माणसांना प्रेरणा देणे हा माझा श्वास आहे.”

हा मजकूर तिचा नव्हता. एका शिकवणीवाल्याने दिलेल्या नमुन्यात तिने आपले नाव भरले होते. मी तिला रागावलो नाही. अर्ज वाचणारा जे प्रश्न विचारतो ते मी तिला एकेक करून विचारले.

पहिला प्रश्न : ‘द्रष्टी, तळमळीची’ यांच्या उलट कोणी काही लिहील काय? ‘मी अदूरदर्शी असून कामाविषयी मला मुळीच तळमळ नाही,’ असे लिहिणारा गृहस्थ सव्वीस वर्षांत मला भेटला नाही. ज्या वाक्याच्या उलट वाक्य कोणीच लिहिणार नाही, त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ती जागा फुकट गेली, आणि जागा तर २२० अक्षरांची. शिकवणीवाले यावर म्हणतात, हे जाहिरातीचे युग आहे, नजरेत भरलेच पाहिजे. ठीक आहे, पण कोणाच्या नजरेत? माणसे हेरणारा मनुष्य त्या संकेतस्थळावर शोध घेतो तो हुद्द्याच्या नावाने, कामाच्या नावाने आणि गावाच्या नावाने. ‘ॲल्युमिनियम कास्टिंग’, ‘लीक टेस्ट’, ‘पुणे’ असे शब्द तो घालतो. ‘द्रष्टी’ हा शब्द घालून कोणी अभियंता शोधत नाही. म्हणजे जाहिरात म्हणूनही ही आरती कुचकामाची. दुकानावर ‘अलौकिक’ अशी पाटी लावली आणि आत भांडी मिळतात की कापड हे लिहायचे राहून गेले, तशातली गत.

दुसरा प्रश्न : कोट्यवधी रुपये म्हणजे किती, आणि ते कसे मोजले? येथे मुलगी थोडी थबकली. मग कागद घेऊन बसली, आणि खरी गोष्ट बाहेर आली. ती गोष्ट त्या परिचयापेक्षा किती तरी चांगली होती.

त्यांच्या कारखान्यात एक विशिष्ट कास्टिंग हवेच्या दाबाखाली तपासतात. त्यातून हवा गळली तर भाग नापास. शंभरात सहा भाग नापास होत होते. सगळे जण धातूला दोष देत होते. हिने काय केले, तर नापास झालेला प्रत्येक भाग किती वाजता ओतला होता याची दोन महिने नोंद ठेवली. तेव्हा दिसले की नापास भागांचा मोठा वाटा जेवणाच्या सुट्टीनंतरच्या आणि पाळी बदलल्यानंतरच्या अर्ध्या तासात ओतलेला असतो. कारण सरळ होते. मशीन थांबले की साचा थंड होतो. थंड साच्यात रस नीट भरत नाही आणि पहिले काही भाग सदोष निघतात. टूलरूममधल्या कारागिरांनी सुट्टीच्या वेळात साचा गरम ठेवण्याची व्यवस्था केली. मशीन पुन्हा सुरू झाल्यावरचे पहिले काही भाग पुढे न पाठवता परत भट्टीत टाकायचे, असे ठरले. आठ महिन्यांत नापास भाग शंभरात सहावरून दोनवर आले.

आता रुपयांचा हिशेब. महिन्याला चाळीस हजार भाग. शंभरामागे चार वाचले म्हणजे महिन्याला सोळाशे भाग वाचले. भागाची विक्रीची किंमत सहाशे रुपये. तिने सोळाशेला सहाशेने गुणले, बारा महिने धरले आणि आकडा आला एक कोटी पंधरा लाखांचा. त्याचे ‘कोट्यवधी’ झाले. पण नापास भाग काही नदीत फेकून देत नाहीत. तो पुन्हा वितळवतात. धातू परत मिळतो. बुडते ती मजुरी, वितळवण्याचा खर्च आणि त्यावर झालेले यंत्रकाम. तो खर्च भागामागे सुमारे नव्वद रुपये होता. सोळाशे गुणिले नव्वद म्हणजे महिन्याला एक लाख चव्वेचाळीस हजार, वर्षाला सुमारे सतरा लाख. कोट्यवधींचे सतरा लाख झाले म्हणून मुलीचा चेहरा उतरला. मी तिला म्हटले, “अगं, ‘कोट्यवधी’ वाचून ओतकाम जाणणारा मनुष्य हसला असता. सतरा लाख ऐकून तो विचारेल, हे कसे मोजलेस? आणि तू सांगू शकशील.” बढाईचे हे सर्वात मोठे दुखणे आहे. ती अडाण्याला दिपवते आणि जाणकाराला सावध करते. आणि नोकरी तर जाणकाराच्या हातात असते.

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा : ‘माझ्या नेतृत्वाखाली’ म्हणजे नेमके कोणी काय केले? नोंदी तिने ठेवल्या, कारण तिने शोधले. साचा गरम ठेवण्याची व्यवस्था टूलरूमने केली. गट चौघांचा होता आणि त्याचा प्रमुख दुसराच होता. म्हणजे ते शब्द सरळसरळ खोटे होते. आणि गंमत अशी की त्या खोट्याने तिचे खरे कर्तृत्व झाकून टाकले होते. जे तिने एकटीने केले होते, तो वेळेच्या नोंदींचा शोध, त्याचा परिचयात उल्लेखही नव्हता.

येथे घरचे वडीलधारे पुढे सरसावतील. ते म्हणतील, “पाहा, म्हणूनच आम्ही सांगतो, स्वतःविषयी बोलूच नये. समर्थांनी दासबोधात आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्खाच्या लक्षणांत बसवले आहे.” बसवले आहे, हे खरेच. पण समर्थांनी स्तुतीला मूर्खपणा म्हटले, हिशेबाला म्हटलेले नाही. कारखान्यातला नोंदवहीचा कारकून वर्षअखेर ताळेबंद मांडतो तेव्हा तो आत्मस्तुती करत नाही. आमच्या मराठी घरांत मात्र या दोहोंची गल्लत करून मुलांना, आणि मुलींना तर विशेषच, गप्प बसायला शिकवले जाते. मुलाखतीत अशी मुले मला शेकड्यांनी भेटली. “तुम्ही काय केलेत?” असे विचारले की उत्तर यायचे, “आम्ही सगळ्यांनी मिळून केले.” किंवा त्याहून वाईट म्हणजे सरकारी थाटात, “सुधारणा करण्यात आली.” कोणी केली? भुताने? आमच्या भाषेत ‘आम्ही’ हा शब्द आदबशीर वाटतो, पण समोरच्याला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. आणि रिकामी राहिलेली जागा रिकामी राहत नाही. ज्याने काही केले नाही असा गटातला एखादा बोलका गृहस्थ ‘मी केले’ म्हणत तीत येऊन बसतो. बोलणाऱ्याची बोरे विकतात ती गप्प बसणाऱ्याच्या कृपेने.

यावर मी भाचीला एक साधा नियम सांगितला. निकाल सांगताना ‘आम्ही’ म्हणावे आणि आपली कृती सांगताना ‘मी’ म्हणावे. ‘आम्ही नापास भाग कमी केले, वेळेच्या नोंदी मी ठेवल्या.’ दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले की वाक्य आपोआप नम्रही होते आणि ठामही. त्याचबरोबर क्रियापद नेमके हवे. ‘माझ्यावर जबाबदारी होती’ याने काय सोपवले होते ते कळते, काय झाले ते कळत नाही. ‘माझा सहभाग होता’ याने तर तेवढेही कळत नाही; लग्नात वाजंत्रीवाल्याचाही सहभाग असतो. मोजले, शोधले, बसवले, शिकवले, बंद केले, अशी हाताने करता येणारी क्रियापदे वापरावीत.

आता तिसऱ्या पक्षाकडे, मुलामा चढवणाऱ्यांकडे वळतो. यांची तऱ्हा अशी : “हा पुरस्कार मलाच का मिळाला, या विचाराने संकोचून गेलो आहे.” किंवा “एवढ्या मोठ्या कंपन्या एकाच वेळी बोलावतात, माझ्यासारख्या साध्या माणसाने काय करावे?” हा विनय म्हणजे रेशमी उपरण्याला मुद्दाम लावलेले ठिगळ. यावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगही केले आहेत. ओव्हुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात आढळले की तक्रारीच्या किंवा नम्रतेच्या आडून केलेली बढाई ही उघड बढाईपेक्षाही लोकांना नकोशी वाटते, कारण तीत बढाई आहे ती आहेच, वर लबाडीही आहे. त्याआधी २०१२ साली बेल्जियममधील व्हेरा होरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली होती. ‘मी चांगला आहे’ असे म्हणणाऱ्याचा लोकांना फारसा राग येत नाही. ‘मी इतरांपेक्षा चांगला आहे’ म्हणणाऱ्याचा येतो, कारण त्या ‘इतरांत’ ऐकणारा स्वतःला धरतो. माझ्या भाचीच्या मजकुरातले ‘सामान्य माणसांना जेथे अडचण दिसते’ हे वाक्य आठवा. ते वाचणारा अधिकारी त्या सामान्य माणसांत आपल्यालाच पाहणार, आणि पान मिटणार. म्हणून बढाई काढायची म्हणजे सगळेच पुसायचे असे नाही. आधी तुलना काढावी. बरीचशी खरखर तिच्याबरोबर जाते.

एक गोष्ट राहिली. खरा आकडा हाती आला म्हणून तो चव्हाट्यावर मांडावा असे नाही. कारखान्यात शंभरामागे किती भाग नापास होतात, ही मालकाच्या घरातली गोष्ट आहे. ते पान गिऱ्हाईकही वाचते आणि प्रतिस्पर्धीही. अशा वेळी आकड्याऐवजी प्रमाण द्यावे. सहावरून दोन म्हणजे एक तृतीयांश. भागाचे नाव, गिऱ्हाइकाचे नाव आणि रुपये गाळावेत. सतरा लाखांचा हिशेबही मुलाखतीत विचारला तर कसा मोजला एवढेच सांगावे. अशा संयमाने परिचयाचे वजन कमी होत नाही. उलट, ही बाई उद्या आपलीही गुपिते सांभाळील, असा विश्वास त्यातून वाटतो.

शेवटी तिने जो परिचय लिहिला, तो असा. शीर्षक : “गुणवत्ता अभियंता, दुचाकींसाठी ॲल्युमिनियम कास्टिंग, गळतीच्या दोषांची कारणे शोधते, पुणे.” आणि खाली :

“दुचाकींना लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांच्या गुणवत्तेचे काम मी ९ वर्षे करत आहे. आमच्या चौघांच्या गटाने गळतीच्या चाचणीत नापास होणारे भाग आठ महिन्यांत एक तृतीयांशावर आणले. मशीन थांबून पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या अर्ध्या तासात दोष वाढतो, हे मी वेळेच्या नोंदींवरून शोधले. साचा गरम ठेवण्याची व्यवस्था टूलरूमच्या सहकाऱ्यांनी केली. लोखंडाच्या ओतकामाचा मला अनुभव नाही. ज्यांना कास्टिंगमधला एखादा दोष वारंवार छळतो आहे, त्यांच्याशी बोलायला मला आवडेल.”

यात एकही विशेषण तिच्या स्तुतीचे नाही, आणि तरी वाचणाऱ्याला ही मुलगी काय करू शकते ते पक्के कळते. ‘लोखंडाच्या ओतकामाचा अनुभव नाही’ या वाक्याला शिकवणीवाले नाके मुरडतील. पण आपली सीमा जो सांगतो, त्याचे सीमेच्या आतले बोलणे माणसे खरे मानतात. मात्र ती सीमा कामाची हवी आणि एकच पुरे. ‘मी फार कष्ट करतो हाच माझा दोष’ असली सीमा पुन्हा मुलाम्याच्या दुकानात जाते.

असा परिचय जमला की नाही हे ओळखायची एक कसोटी आहे, आणि ती कोणत्याही शिकवणीपेक्षा स्वस्त आहे. ज्या सहकाऱ्यांबरोबर ते काम केले, त्यांच्यातल्या एकाला समोर बसवून तो मजकूर मोठ्याने वाचावा. वाचताना तुमचा आवाज अडखळला, तर तेथे बढाई आहे. ऐकताना तो म्हणाला, “अहो, ते तर तुम्हीच केले, ते का नाही लिहिले?” तर तेथे खोटा संकोच आहे. दोन्ही जागा दुरुस्त कराव्यात. तो नुसती मान डोलावू लागला की लेखणी खाली ठेवावी.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा चार ओळींसाठी कशाला? तर तो त्या टूलरूममधल्या कारागिरासाठी. त्याचे त्या संकेतस्थळावर पान नाही. इंग्रजीत आपले गुण गाणे त्याला येत नाही, आणि बहुधा कधी येणारही नाही. ‘माझ्या असामान्य नेतृत्वाखाली’ या तीन शब्दांनी त्याने तयार केलेली व्यवस्था दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली असती, आणि त्याला ते कळलेही नसते. आत्मस्तुतीला आपण हसून सोडून देतो, कारण ती आपल्याला एक सामाजिक खोड वाटते. माझ्या मते ती त्याहून गंभीर गोष्ट आहे. कारखान्यात कोणाचेही काम एकट्याचे नसते, म्हणून तेथली प्रत्येक बढाई ही कोणाच्या तरी कष्टांची चोरी असते. आणि जो सगळेच झाकून गप्प बसतो, तो त्या चोरीसाठी दार उघडे ठेवतो. ‘साचा गरम ठेवण्याची व्यवस्था टूलरूमच्या सहकाऱ्यांनी केली’ हे वाक्य लिहायला तिला मिनिटभरही लागले नाही. त्या कारागिराच्या कामाची कारखान्याच्या भिंतीबाहेर झालेली नोंद तेवढीच आहे.